मजुरीआधी पाळी विचारा

मुलाला यंत्रमागावर लावताना मालेगाव-भिवंडीकडे मजुरीचा भाव विचारतात. आमच्या मते पाळी आधी विचारावी.

पाळी बहुधा 12 तासांची. पुष्कळ कारखान्यांत एक आठवडा दिवसाची, दुसरा रात्रीची. झोप नव्या वेळेला बसायला काही दिवस जातात, आणि बसते न बसते तोच पाळी उलटते. विशीतला कारागीर हे निभावून नेतो. पस्तिशीपुढे पहाटे 3 ते 5 च्या सुमारास तुटलेला ताण्याचा धागा नजरेतून निसटतो, कापडात दोष उतरतो आणि मजुरी कापली जाते. पहाटेचेच दोष वाढू लागले, तर हात बिघडला असे न समजता पाळी सोसत नाही असे समजावे.

अशा वेळी मालकाकडे कायमची एकच पाळी मागावी. रात्रीची मिळाली तरी अदलाबदलीपेक्षा बरी. मात्र एका खोलीच्या घरात, मुलांच्या गलक्यात दिवसा झोप लागणार नसेल तर ती घेऊ नये.

दुसरी वाट भीम सांधण्याची. जुन्या भीमाच्या धाग्यांना नव्याचे हजारो धागे एकेक करून जोडायचे. काम बैठे, मजुरी भीमावर, आणि काम उरकले की घर गाठता येते. बोलावणे कधीही येते, एवढी अडचण आहेच. पण हे तिशीतच शिकून घ्यावे. चाळिशी लागल्यावर बारीक धागा चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि नवशिक्याचा वेग येईपर्यंत कमाई निम्म्यावर येऊ शकते. त्या वयात तागे तपासून घडी घालण्याचे दिवसाचे काम बरे, पैसे कमी मिळाले तरी.