दोन टीबींचा सातशे रुपयांचा पेनड्राइव्ह

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार वारंवार आढळते ती अशी, की ऑनलाइन बाजारात ६९९ रुपयांना मिळालेल्या दोन टीबी क्षमतेच्या पेनड्राइव्हवर घरातल्या लग्नाची छायाचित्रे विश्वासाने साठविली, त्यांची नावे यादीत आजही बिनचूक दिसतात, परंतु बहुतेक उघडत नाहीत.

अशा खरेदीपूर्वी जीबीमागे दर काढावा. नामांकित कंपनीचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पाचशे रुपयांना धरला, तर एका जीबीस सुमारे आठ रुपये पडतात. दोन हजार जीबी ६९९ रुपयांना, म्हणजे जीबीमागे पस्तीस पैसे. क्षमता वाढते तसा दर काहीसा उतरतो हे खरे. परंतु सॅमसंग, मायक्रॉन, किओक्सिया यांच्यासारख्या मोजक्याच कंपन्या या चिपा बनवीत असल्यामुळे तो विसाव्या हिश्श्याच्याही खाली जाणे संभवत नाही.

वेष्टनाआड बहुधा ३२ वा ६४ जीबीची, पुष्कळदा चाचणीत नापास झालेली किंवा जुन्या उपकरणातून उचकटलेली चिप असते, आणि तिच्या नियंत्रकातील आज्ञावली बदलून संगणकास दोन टीबींची खोटी क्षमता कळविण्याची व्यवस्था केलेली असते. फायलींच्या नावांची नोंद आरंभीच्या खऱ्या जागेत होत असल्याने यादी शाबूत राहते; पण खरी जागा संपल्यावर येणारा मजकूर एकतर नाहीसा होतो किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला जातो, आणि संगणक मात्र चूक झाल्याची सूचना देत नाही.

म्हणूनच पाच तारकांच्या अभिप्रायांवर विसंबू नये. ते लिहिणारे बहुधा प्रामाणिकच असतात. परंतु पहिल्या दिवशी, पाचदहा जीबी भरून, लिहितात, आणि तोवर वस्तू खरोखरच चालते. महिना-दोन महिन्यांनी लिहिलेले एका तारकेचे अभिप्राय शोधून वाचावेत. खरी साक्ष तिथे सापडते.

वस्तू घरी आलीच असेल, तर H2testw हा विंडोजवरील मोफत प्रोग्राम ती ओळखीच्या मजकुराने भरून पुन्हा वाचतो आणि कुठे खोट आहे ते सांगतो. सेकंदाला दहा एमबी या वेगाने दोन टीबी भरण्यास पंचावन्न तास लागतात, आणि तेवढ्यात परतीची मुदत निसटण्याचा संभव असतो. यास्तव प्रथम शंभर जीबींचीच चाचणी घ्यावी, कारण लबाडी बहुधा तेवढ्यातच उघड होते. चाचणीपूर्वी त्यावर जे काही असेल ते अन्यत्र उतरवून घ्यावे.

निकालाचे छायाचित्र, पावती आणि विक्रीपानावर नमूद असलेली क्षमता, एवढा दस्तऐवज जपून ठेवावा. ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० अन्वये बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याने तो दिलाच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार अवश्य नोंदवावी. रक्कम किरकोळ आहे म्हणून ती सोडून देऊ नये.