‘पास’ झालेले कानही पुन्हा तपासा

बाळ दोन-तीन दिवसांचे असताना कानांची ‘ओएई’ चाचणी होते, कागदावर ‘पास’ लिहिले जाते आणि घरात तो विषय तिथेच संपतो. पण ‘पास’ म्हणजे त्या दिवशी कानांत दोष आढळला नाही, एवढेच. बहिरेपण नंतरही येते. त्याचे एक मोठे कारण सायटोमेगॅलोव्हायरस, थोडक्यात सीएमव्ही. आनुवंशिक नसलेल्या बालबहिरेपणाच्या कारणांत तो आघाडीवर आहे.

हा विषाणू लाळेतून व लघवीतून पसरतो. आपल्याकडील बहुतेक स्त्रियांना त्याची लागण गर्भारपणाच्या आधीच होऊन गेलेली असते. तरीही शरीरात सुप्त असलेला विषाणू पुन्हा जागा झाला किंवा त्याचा वेगळा प्रकार शरीरात शिरला, तर तो गर्भापर्यंत पोहोचू शकतो. अशा दहा बाधित बाळांपैकी सुमारे नऊ जन्मतः निरोगी दिसतात. मात्र या निरोगी दिसणाऱ्यांतही शंभरातील दहा ते पंधरा मुलांना पुढे ऐकू कमी येते.

असे एखादे मूल डोळ्यांपुढे आणा. जन्मतः ‘पास’. वर्षाचे झाल्यावर ‘आई’, ‘बाबा’ म्हणू लागले. दीड वर्षाचे असताना एका कानाने ऐकू येईनासे झाले, पण दुसरा कान सांभाळून घेतो म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. अडीच वर्षांनी दुसराही कान मंदावला, नवे शब्द थांबले. ‘हट्टी आहे, उशिरा बोलेल’ म्हणत आणखी सहा महिने गेले. ‘बेरा’ चाचणीत दोष उघड झाला, तेव्हा भाषा शिकण्याची ऐन वर्षे निघून गेली होती.

आता लाळेत विषाणू सापडला तरी तो जन्मजात की नंतर आलेला, हे सांगता येत नाही, कारण तो आईच्या दुधातूनही येतो. म्हणून लघवीची किंवा लाळेची पीसीआर तपासणी जन्मापासून २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. लाळेत विषाणू आढळल्यास लघवी तपासून खात्री करावी. निदान पहिल्या श्रवण चाचणीत नापास झालेल्या आणि डोके लहान असलेल्या बाळांची तरी ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहाने करावी. आजाराची ठळक लक्षणे असलेल्या बाळांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर सहा महिने देता येते. मात्र ते पहिल्या महिन्यात सुरू करावे लागते आणि रक्तातील पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावे लागते.

निदान झालेल्या प्रत्येक मुलाचे कान, ‘पास’ असले तरी, तीन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे शाळेत जाईपर्यंत दरवर्षी तपासावेत. लसीकरणाच्या कार्डावर या तारखा लिहून दिल्या, तर त्या चुकणार नाहीत. दोष वेळीच कळला, तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट मुलाच्या भाषेच्या वयातच मिळेल.