गाडीला गाडी घासली: जागेवरच मिटवायचं की विम्याकडे जायचं?

बुलडाणा : सोयाबीन-कापसाचा हंगाम सुरू झाला की खामगाव, चिखली, मलकापूरच्या रस्त्यांवर पिकअप, ट्रॅक्टर आणि दुचाकींची गर्दी वाढते. मोठा अपघात झाला की त्याची बातमी होते. बंपर फुटला, डिक्की दबली, आरसा तुटला, तर मात्र सगळं रस्त्याच्या कडेलाच ठरतं. दोघं गाड्यांतून उतरतात, चार माणसं जमतात, आणि कोणीतरी म्हणतं, "भाऊ, द्या-घ्या अन् मिटवून टाका!" दुसरा म्हणतो, "पैसे कशाला? विमा हाय ना!"

यातलं खरं कोणतं, हे हिशोब मांडल्याशिवाय कळत नाही.

आधी पाहा, विमा नेमका कोणता

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं ते थर्ड पार्टी विमा भरतो, आणि कायद्याने तो सक्तीचा आहे. आपल्या स्वतःच्या गाडीचा खर्च 'ओन डॅमेज' भागातून मिळतो, तो ऐच्छिक आहे.

घोळ इथेच होतो. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना 5 वर्षांचा आणि नवी कार घेताना 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यासोबतचा ओन डॅमेज विमा मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. मालकाला वाटतं 5 वर्षांचा विमा आहे, पण दुसऱ्या वर्षापासून स्वतःच्या गाडीला काहीच संरक्षण उरलेलं नसतं. पॉलिसीच्या कागदावर दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या आजच पाहून घ्याव्यात.

फक्त थर्ड पार्टी असेल तर आपली कंपनी आपल्या डिक्कीचे पैसे देत नाही. समोरच्याच्या विम्यातून घ्यायचे म्हटलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. त्यासाठी पोलिसांचे कागद लागतात, वकील लागतो, तारखा पडतात. पाच-सात हजारांसाठी ते परवडत नाही. अशा माणसासाठी जागेवरची तडजोड हाच खरा मार्ग उरतो.

दोन्ही विमे असतील तर?

एक उदाहरण घेऊ. चिखली-खामगाव रस्त्यावर अमडापूरजवळ एका कारला मागून पिकअप धडकली. कोणाला लागलं नाही. कार साडेचार वर्षांची, इंजिन 1200 सीसीचं. मागचा बंपर 4,000 रुपये, डिक्कीचं डेंटिंग 2,500 आणि पेंटिंग 3,000, असा गॅरेजवाल्याने एकूण 9,500 रुपये खर्च सांगितला. चूक पिकअपची, हे चालकही मान्य करतो. तो म्हणतो, "दादा, सहा हजार देतो."

कारमालकाला वाटतं, सहा हजारांत कशाला मानायचं? कंपनीकडून साडेनऊ हजार घेऊ. पण कंपनी साडेनऊ देणार नाही. प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपरचे 2,000 गेले. पेंटिंगच्या बिलात चौथा हिस्सा रंगाचा धरून त्याचा अर्धा भाग कापतात, ते 375. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक दाव्यात पहिले 1,000 रुपये मालकानेच सोसायचे असतात. हातात येतात 6,125 रुपये.

एवढ्यावर हिशोब संपत नाही. या मालकाने आजवर एकही क्लेम केलेला नाही, म्हणून त्याला 45 टक्के 'नो क्लेम बोनस' मिळतोय आणि पुढच्या नूतनीकरणाला तो 50 टक्के होणार आहे. एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो. मग पुन्हा 20, 25, 35, 45 अशी पायरी चढावी लागते. ओन डॅमेजचा मूळ हप्ता वर्षाला 6,000 धरला, तर पुढच्या पाच वर्षांत 3,000, 1,800, 1,500, 900 आणि 300 असे एकूण 7,500 रुपये जास्त भरावे लागतील.

म्हणजे 6,125 घेण्यासाठी 7,500 गेले. त्यापेक्षा पिकअपवाल्याचे सहा हजार बरे.

हाच खर्च 40,000 असता तर उत्तर उलटं आलं असतं, कारण बोनसचं नुकसान तेवढंच राहतं. 'झिरो डेप' घेतलेलं असेल तर घसारा कापला जात नाही, आणि बोनस वाचवणारं जोडसंरक्षण असेल तर बोनसही टिकतो. तेव्हा आधी गॅरेजला फोटो पाठवून अंदाज घ्यावा, मगच आकडा बोलावा.

इथे मिटवू नये

कोणाला मुका मार जरी लागला असेल, तरी पैशांचं बोलणं थांबवून आधी दवाखाना गाठावा. डोक्याचा मार कधी कधी दुसऱ्या दिवशी त्रास देतो. धडक समोरून असेल तर वरचा बंपर फसवतो. गाडीखाली पाणी टपकतंय का, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का, बॉनेट-दरवाजांच्या फटी कमी-जास्त झाल्यात का, हे पाहावं. यातलं काही दिसलं तर खर्च डोळ्यांना दिसतो त्याहून बराच मोठा असू शकतो.

mParivahan अॅपवर समोरच्या गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत कळते. विमा नसलेला चालक बहुधा लवकर मिटवायची घाई करतो. विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी चालकाने 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं, विमा कंपनीलाही कळवायचं असतं. भरधाव किंवा निष्काळजी वाहन चालवल्याचा गुन्हा एकदा दाखल झाला की "आमचं मिटलं" एवढ्यावर तो बंद होत नाही, कोर्टातच जावं लागतं. जमावाने धमकावून पैसे मागितले तर 112 वर फोन करावा. मोठी गाडी म्हणून चूक तिचीच, असा कायदा नाही.

मिटवलं तर कागद हवाच

दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे फोटो गाड्या हलवण्याआधी काढावेत. साध्या कागदावर तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि रक्कम लिहून दोघांनी सही करावी. "ही रक्कम फक्त गाडीच्या नुकसानीची आहे, कोणाला इजा नाही" हे वाक्य त्यात असावं. पैसे रोख न देता यूपीआयने द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो.

आणि निर्णय एकदाच घ्यावा. "आता काही मागणं नाही" असं लिहून दिल्यावर त्याच नुकसानीसाठी कंपनीकडे गेलं तर दावा अडतो, कारण समोरच्याकडून वसुली करण्याचा कंपनीचा हक्क आपणच सोडलेला असतो. पैसे देणाऱ्यालाही हे लागू आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा रक्कम देऊ नये, अशी अट पॉलिसीतच असते. जागेवर दिलेले सहा हजार नंतर विम्यातून परत मिळतील, ही आशा पिकअपवाल्याने ठेवू नये.