दोन मिनिटांत काय शोधायचं आहे ते सांगा

जाफराबाद तालुक्यातून पीएच.डी.च्या प्रवेशासाठी किंवा फेलोशिपसाठी मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. त्यांच्याशी बोलताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. पेट किंवा नेटच्या पेपरसाठी सहा-सहा महिने तयारी होते, मुलाखतीसाठी मात्र फाइल आणि नवा शर्ट एवढीच. या वेळचं संपादकीय त्यामुळे जरा कामाच्या गोष्टीवर लिहितो आहे.

आधी गणित पाहू. यूजीसीच्या नियमांनुसार प्रवेश परीक्षेतून येणाऱ्या उमेदवाराच्या निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो आणि त्यातल्या जेआरएफ नसलेल्या दोन गटांनाही पीएच.डी.साठी हेच ७०-३० लागू आहे. समजा, एकाला लेखीत ६२ मिळाले आणि दुसऱ्याला ५८. सत्तर टक्क्यांनी मोजले तर ते ४३.४ आणि ४०.६ होतात, म्हणजे फरक फक्त २.८ गुणांचा. मुलाखतीत दुसऱ्याला तीन गुण जास्त पडले की यादी उलटली. पेपरमध्ये चार गुण वाढवायला किती रात्री जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

या तीस गुणांबद्दलची आपली शंका निराधार नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रा. अब्दुल नाफे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये प्रवेशाचे गुण तपासले. लेखी आणि तोंडी गुणांमधल्या तफावतीत सामाजिक गटांनुसार भेदभाव दिसतो, असा तिचा निष्कर्ष होता, आणि तोंडीचे गुण ३० वरून १५ करावेत अशी शिफारस तिने केली होती. मुलाखतीचे निकष आधी लेखी जाहीर व्हावेत आणि प्रत्येकाचे गुण निकषांनुसार मांडले जावेत, ही मागणी आपण विद्यापीठांकडे करत राहिलीच पाहिजे. त्यातच २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. उरलेल्या बऱ्याच वाटा मुलाखतीच्या खोलीतूनच जातात. नियम बदलेपर्यंत त्या खोलीत आपली मुलं काय बोलतात, एवढं तरी आपल्या हातात आहे.

समिती नेमकं काय पाहते? यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत ते तीन ओळींत लिहिलं होतं: हे संशोधन करण्याची क्षमता उमेदवारात आहे का, ते या संस्थेत नीट होऊ शकेल का, आणि त्यातून ज्ञानात काही नवी भर पडेल का. पुढे २०२२ ची नियमावली आली, पण समितीतल्या माणसाच्या मनातले प्रश्न तेच राहिले. तुमचं सगळं बोलणं या तीन प्रश्नांची उत्तरं देतं की नाही, एवढंच तपासायचं.

आता एक उदाहरण घेऊन पाहू. जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरचीचं संकरित बी तयार होतं, हे आपल्याला नवीन नाही. समजा, आपल्या तालुक्यातली एक मुलगी समाजशास्त्रात या विषयावर संशोधन करू पाहते आहे. तिचा पहिला मसुदा बहुतेक वेळा असा असतो: ‘ग्रामीण भागातील महिला मजुरांच्या समस्या व उपाय: एक समाजशास्त्रीय अभ्यास. आजच्या जागतिकीकरणाच्या युगात महिलांचे शोषण होत आहे. मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.’

यात खोटं काहीच नाही, तरी समितीच्या हाती काही लागत नाही. कोणत्या महिला, कोणती समस्या, आणि संशोधन झाल्यावर आपल्याला आज माहीत नसलेलं काय कळेल? ‘समस्या व उपाय’ असं शीर्षक आलं की प्रश्न अजून सापडलेला नाही, असं मी तरी समजतो.

प्रश्न सापडतो तो कामाच्या बारकाव्यात. संकरित बियाण्यासाठी बायका उमलायच्या आदल्या दिवशी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच फुलावर नराचे परागकण लावतात. आपल्याकडे याला क्रॉसिंग म्हणतात. शेवटी बी कंपनीकडे जातं, तिथे उगवण आणि जनुकीय शुद्धता तपासली जाते, आणि लॉट पास झाला तरच पूर्ण पैसे मिळतात. रोजंदारीच्या बाईला लॉट नापास झाला तरी मजुरी मिळालेली असते. पण त्याच शेडनेटमध्ये राबलेल्या घरच्या सुनेचं, मुलीचं काय? तिचे दिवस कोणत्याच हिशेबात नव्हते, मग तोटा झाल्यावर तो घरात कोणाच्या वाट्याला येतो? हा प्रश्न. तो एका वाक्यात मावतो आणि त्याचं उत्तर आधीच कोणाला माहीत नाही.

मग दोन मिनिटांचं बोलणं साधारण असं होतं:

‘सर, मॅडम, मला हे शोधायचं आहे की संकरित बियाण्याचा लॉट नापास होतो तेव्हा शेतकरी कुटुंबात तो तोटा कोण सोसतं, आणि घरच्या बायकांचं बिनमजुरीचं काम त्यात कुठे मोजलं जातं. मी जाफराबाद तालुक्यातली दोन गावं आणि त्यांतली चाळीस शेडनेटधारक कुटुंबं घेणार आहे. प्रत्येक घरी दोनदा जाईन, एकदा क्रॉसिंगच्या दिवसांत आणि एकदा कंपनीचा निकाल आल्यावर. पुरुष आणि बायका यांच्याशी वेगवेगळं बोलेन. भाजीपाला बीजोत्पादनातली बालमजुरी आणि बायकांची कमी मजुरी यांवर दावुलुरी वेंकटेश्वरलू आणि जेकब कल्ले यांचा २०१५ चा अहवाल आहे, त्यात महाराष्ट्रही आहे. त्याचा भर मजुरीवर आहे. मला मजुरी न मिळणाऱ्या कामाकडे पाहायचं आहे. मी याच भागातली आहे. आमच्या घरी दखनी बोलतात, बाहेर मराठी, त्यामुळे दोन्ही मोहल्ल्यांत दुभाष्याशिवाय बोलू शकते.’

हे शांतपणे म्हटलं तर मिनिटभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. दोन मिनिटांतला उरलेला वेळ श्वासाला आणि मध्येच येणाऱ्या प्रश्नाला ठेवायचा. क्रमाकडे लक्ष द्या. प्रश्न पहिल्या वाक्यात आहे. ‘मी अमुक गावचा, माझे वडील अमुक करतात’ अशी सुरुवात झाली की समितीचं निम्मं लक्ष तिथेच संपतं; पुढच्या उमेदवाराची फाइल टेबलावर उघडलेली असते. आणि स्वतःबद्दलचं वाक्य शेवटी असलं तरी ते शोभेचं नाही. हे काम हीच व्यक्ती का करू शकते, याचं ते उत्तर आहे. प्रेरणा विचारली की आपली मुलं कौमच्या खिदमतीबद्दल बोलतात. ती भावना खरी असते, मी तिची थट्टा करत नाही. पण समितीला ती मोजता येत नाही. ज्या गोष्टीमुळे प्रश्न पडला ती एक गोष्ट सांगितली तर मोजता येते: घरात हिशेबाची वही होती आणि तिच्यात आईचा एकही दिवस लिहिलेला नव्हता, इतकी साधी गोष्टही चालते.

खरी परीक्षा त्यानंतरच्या प्रश्नांत असते. या आराखड्यावर पहिला प्रश्न येईल तो असा: ‘तुमच्या चाळीस घरांत त्या हंगामात एकही लॉट नापास झाला नाही तर?’ यावर गडबडून ‘होतीलच, सर’ म्हणणं घातक. आधीच्या तीन हंगामांच्या पावत्या शेतकऱ्याकडे किंवा ऑर्गनायझरकडे असतात, त्यावरून मागचे नापास लॉट शोधता येतील, असं उत्तर तयार हवं. त्याची मर्यादाही स्वतःच सांगावी: आठवणीवर आधारलेली माहिती डोळ्यांसमोर पाहिलेल्या माहितीपेक्षा कच्ची असते. आपल्या आराखड्यातली उणीव आधीच ओळखलेला उमेदवार समितीला पटतो, कारण ‘क्षमता आहे का’ याचा तोच पुरावा असतो.

दुसरा प्रश्न थोडा बोचणारा असू शकतो. ‘तुम्ही एकट्या खेड्यात फिराल का? घरचे परवानगी देतील?’ हिजाब घातलेल्या मुलीला तो जास्त विचारला जातो, असं आपल्या मुली सांगतात. अशा वेळी रागावणं समजण्यासारखं आहे, तरी उत्तर वेळापत्रकानेच द्यावं: गावं घरापासून किती अंतरावर आहेत, जाणं-येणं कसं होईल, कोणत्या वेळी बायका मोकळ्या असतात. मुसलमानांवरच विषय असेल तर मुलांना ‘तटस्थ राहाल का?’ असं विचारतात. ‘हो, राहीन’ या शब्दांना वजन नसतं. माझ्या अंदाजाविरुद्ध माहिती आली तर ती कुठे नोंदवणार आणि ती माहिती कशी असेल, हे सांगितलं की विषय मिटतो.

भाषेबद्दलही एक सांगतो. खोलीत गेल्यावर ‘मराठीत बोललं तर चालेल का?’ असं सरळ विचारावं. आपल्या मराठवाडा विद्यापीठात यात काही वावगं नाही. बाहेरच्या संस्थेत इंग्रजी लागणार असेल तर निदान प्रश्नाचं पहिलं वाक्य इंग्रजीत पक्कं करून न्यावं. पाठ केलेली पाच पानं मध्ये कोणी अडवलं की कोसळतात. एक पक्कं वाक्य कोसळत नाही.

सरावासाठी आरशापेक्षा माणूस बरा. तुमच्या विषयातला नसलेला कोणीतरी घ्या, मामू, शाळेतले निवृत्त सर, दवाखान्यातली ताई. दोन मिनिटं बोला आणि मग त्यांनाच विचारा, ‘मला काय शोधायचंय?’ त्यांनी विषयाचं नाव सांगितलं, ‘बायकांबद्दल काहीतरी’, तर बोलणं अजून जमलेलं नाही. त्यांनी प्रश्न सांगितला तर जमलं. फोनवर रेकॉर्डिंगही करा आणि पहिला ठोस तपशील कितव्या सेकंदाला येतो ते बघा. तिसाव्या सेकंदानंतर येत असेल तर वरचं सगळं कापा.

तालुक्याच्या गावी हे एकट्याने करायची गरज नाही. मुलाखतीच्या तारखा लागल्या की जुम्मा झाल्यावर तासभर चार माणसं बसू शकतात: एक प्राध्यापक, एक वकील, एक शेतकरी आणि आधी अशा समितीसमोर जाऊन आलेली एखादी मुलगी. प्रश्न तिनेच विचारावेत. आपल्या सोबत्याला ती सोडत नाही, हे मी पाहिलं आहे. आणि ‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?’ हा समितीचा शेवटचा प्रश्नही तिने विचारावाच. त्यावर ‘नाही सर, थँक यू’ म्हणून उठू नये. शेतीच्या हिशेबाच्या भागासाठी अर्थशास्त्र विभागातले सहमार्गदर्शक मिळू शकतील का, असं काही विचारावं.