‘टाटाला नेलंय’ आणि मग सगळे गप्प

मिरजोळ्यात कुणाला कॅन्सर झाला, की तो शब्द कुणी उच्चारत नाही. विचारलं तर ‘मुंबईला नेलंय’ एवढंच उत्तर मिळतं. फारच जवळचं माणूस असेल तर आवाज खाली करून ‘टाटाला नेलंय’. मग समोरचा ‘अरेरे’ म्हणतो आणि गाडी पावसावर नाहीतर आंब्यावर जाते.

गेल्या वर्षी माझ्या एका मित्राच्या घरी हेच झालं. वडील एमआयडीसीत कामाला, तंबाखूची सवय जुनी. गालाच्या आतली जखम भरेना म्हणून तपासली, तर रिपोर्ट वाईट आला. रिपोर्ट आधी काकांच्या हातात पडला आणि काकांनी घरात फर्मान काढलं, ‘त्यांना सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं. ऐकलं तर हाय खातील.’ मित्र तेव्हा एस.वाय.ला. त्यानं मान डोलावली. तुम्ही असता तर तुम्हीही डोलावली असती. मीसुद्धा.

आता जरा विचार करा. अल्सरसाठी कुणाला रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसनं दादरला उतरवून परळला नेतात का? टाटा हॉस्पिटल 1941 पासून तिथं आहे आणि ते कशासाठी आहे, हे कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. ओपीडीच्या रांगेत आजूबाजूला बसलेल्यांच्या नाकात नळ्या असतात, गळ्याला पट्ट्या असतात. मित्राचे वडील दहा मिनिटांत समजले. पण घरचे लपवताहेत म्हणजे आपण विचारलेलं त्यांना सोसणार नाही, असं त्यांना वाटलं. म्हणून तेही गप्प राहिले. मुलगा वडिलांना जपतोय, वडील मुलाला जपताहेत आणि दोघंही रात्रभर जागे. एका खोलीत, पाठ करून.

उपशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा प्रकार रोज दिसतो. माझं स्पष्ट मत आहे, की या लपवाछपवीनं रोगी वाचत नाही, तो फक्त एकटा पडतो. पण म्हणून उद्या जाऊन ‘बाबा, तुम्हाला कॅन्सर आहे’ असं धाडकन सांगून टाकायचं, असंही नाही. आधी विचारायचं, ‘तुम्हाला काय झालंय असं वाटतं?’ मग, ‘डॉक्टरांकडून सगळं ऐकायचंय, की ते आमच्यावर सोडायचं?’ काही माणसं खरंच म्हणतात, तुम्हीच बघा. तो त्यांचा हक्क आहे. फक्त ते त्यांनी ठरवायचं, काकांनी नाही.

मित्रानं हे विचारलं, पण ऑपरेशननंतर. वडिलांना तेव्हा बोलता येत नव्हतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘पहिल्या दिवसापासून माहीत आहे.’

ऑपरेशननंतर रेडिएशन होतं. तीस वेळा, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे मुंबईत मुक्काम. या काळात भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन येतो, ‘पॉझिटिव्ह राहा.’ हे वाक्य मला आवडत नाही आणि त्याला कारण आहे. खंबीर मनोवृत्तीनं कॅन्सरचा रोगी जास्त जगतो का, यावर झालेले अभ्यास एकत्र तपासून 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक आढावा छापून आला. तसा खात्रीलायक पुरावा त्यात सापडला नाही. म्हणजे जो रडतो तो लवकर मरतो, असं काही नाही. पण ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकलेला माणूस रडायचं थांबवतो आणि वर स्वतःला दोष देतो, की गाठ वाढली तर माझ्याच मनामुळे. तंबाखूवाल्याला तर आधीच ‘मीच ओढवून घेतलं’ हे खात असतं.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1977 पासून याच गोष्टीवर काम केलं. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे का?’ असं विचारलं की रोगी बिथरतो, ‘मी वेडा नाही’ म्हणतो, हे तिकडेही होतंच. म्हणून तिथं साधा शब्द निवडला गेला. आपल्या भाषेत म्हणायचं तर ‘जिवाची घालमेल’. आणि तापासारखी ती मोजायला कागदावर एक थर्मामीटर काढला. खाली 0, वर 10. गेल्या आठवड्यात, आज धरून, घालमेल किती होती? आकड्यावर खूण करायची. 4 किंवा जास्त आला, तर कुणीतरी नीट बसून बोलायला हवं. सोबत एक यादी असते. पैसे, प्रवास, घरची माणसं, झोप, दुखणं, भीती, देवावरचा राग यातलं काय छळतंय, त्यावर टिक करायची.

माझ्या मते खरी किंमत त्या यादीला आहे. मित्रानं वडिलांना आकडा विचारला तेव्हा 7 आला. त्याला वाटलं, मरणाची भीती असणार. यादीत टिक होती ‘घरची माणसं’वर. मुलाचं सेमिस्टर बुडतंय, हे त्यांना खात होतं. यावर काही करता येण्यासारखं होतं. मामा पंधरा दिवस येऊन राहिले, मित्र परीक्षेला रत्नागिरीत आला. पुढच्या आठवड्यात आकडा 4.

घालमेल आणि डिप्रेशन वेगळं कसं ओळखायचं? इथं एक घोळ आहे. झोप न येणं, जेवण न जाणं, थकवा ही डिप्रेशनची लक्षणं म्हणून आपण रील्समध्ये ऐकतो. पण रेडिएशन घेणाऱ्याला हे सगळं उपचारांमुळेच होतं. तोंड सोललेलं असताना कोण जेवेल? म्हणून शरीराकडे नाही, मनाकडे बघायचं. नातवाचा व्हिडिओ कॉल आला तर चेहरा क्षणभर तरी खुलतो का? मॅचचा स्कोअर विचारतात का? दोन आठवडे जवळपास रोज कशातच रस नाही, ‘मी सगळ्यांना भार झालोय’ हेच पालुपद, असं असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं. गोळ्यांचा आणि समुपदेशनाचा उपयोग होतो, कॅन्सरच्या रोग्यालाही. ‘सुटलो तर बरं’ असं ऐकू आलं, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं कल्पना डोक्यात घुसत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत असतो, मराठीतही बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे, कारण सोबत राहणाऱ्याचा आकडा कधीकधी रोग्यापेक्षा वर असतो.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. उपचार संपल्यावर मन सावरेल असं वाटतं, पण कित्येकांचं तेव्हाच ढासळतं. सहा आठवडे रोज डॉक्टर, नर्स, रांगेतले ओळखीचे चेहरे. मग अचानक ‘आता दोन महिन्यांनी या’. मित्राचे वडील मिरजोळ्याला परतले, लोकांनी ‘वाचलात’ म्हणून पेढे मागितले आणि ते घराबाहेर पडेनासे झाले. बोलणं अस्पष्ट, जेवताना ओठाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळतं. लग्नाची पंगत नको, चहाची टपरीही नको. वर फॉलोअपची तारीख जवळ आली की आठवडाभर आधी चिडचिड सुरू.

मित्र आता त्या आठवड्यात त्यांना आकडा विचारतो. परवा 6 आला. मग दोघं संध्याकाळी एअरपोर्टच्या बाजूच्या रस्त्यानं चालून आले. येताना वडील टपरीवर थांबले. चहा बशीत ओतला, रुमाल ओठाला लावला आणि प्यायले.