अडॅप्टरची गुणगुण: स्वभाव कोणता, दोष कोणता

कन्सोलमधून किंवा त्याच्या अडॅप्टरमधून येणाऱ्या आवाजाबद्दल दोन मते ठामपणे ऐकवली जातात. आवाज आला म्हणजे आतली कॉइल जळत आली, आज ना उद्या धूर निघणार, हे पहिले मत. दुसरे दुकानाच्या काउंटरवरचे: कॉइल आवाज करतेच, लक्ष देऊ नका. दोन्ही मते एकाच जागी चुकतात. आतून येणारे सगळे आवाज ती एकाच जातीचे धरतात आणि आवाज किती मोठा आहे एवढ्यावरच भांडतात. निदानाला मोठेपणाचा उपयोग फार थोडा. आवाज कशासोबत चढतो आणि कशासोबत थांबतो, हे पाहावे लागते.

पहिल्या मताचे खंडन कॉइलच्या कामातूनच होते. अडॅप्टरमधला विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, आणि प्रत्येक वेळी कॉइलची तार व तिचा गाभा चुंबकीय बलाने किंचित हलतात. ही गती बहुधा २० किलोहर्ट्झच्या वर असल्याने कानाला कळत नाही. पण भार कमी झाला की सर्किट वीज खंडाखंडाने सोडू लागते, आणि त्या खंडांची गती कानाच्या टप्प्यात येते. गेमच्या मेनूत चित्रे अनिर्बंध वेगाने काढली जातात तेव्हा प्रवाहही त्याच वेगाने हेलकावतो. मग बारीक शिटीसारखा आवाज येतो. हीच कॉइल व्हाइन. तार वार्निशने घट्ट बसली नसेल तर हा आवाज जास्त येतो, म्हणून एकाच मॉडेलचे दोन नग वेगवेगळे वाजतात. लहान मुलांना तो आधी ऐकू येतो, कारण वयाबरोबर वरच्या पट्टीतले ऐकणे कमी होते. मुलगा आवाजाची तक्रार करतो आणि आजोबांना काहीच ऐकू येत नाही, तेव्हा खरे दोघेही बोलत असतात.

याहून वेगळी असते ती जाड घूं-घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्या प्रत्येक आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा शिगेला पोहोचते, म्हणून हा आवाज १०० हर्ट्झचा निघतो. इथे अडॅप्टरइतकीच घरात येणारी वीजही तपासावी लागते.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातले, डीपीपासून लांब, वस्तीच्या टोकाला असलेले एक घर कल्पावे. तिथे बाहेर अडॅप्टर असलेला जुना एक्सबॉक्स वन आहे. दुपारी तो गप्प असतो आणि संध्याकाळी सात वाजता घूं-घूं करू लागतो. अशा ठिकाणी संध्याकाळच्या भाराने व्होल्टेज पडणे नवे नाही. लघुदाबाच्या विजेला नियमाने २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ एवढी मुभा आहे. मल्टिमीटर १७५ दाखवत असेल तर हिशेब सरळ आहे. कन्सोलला ११० वॉट लागतात आणि व्होल्टेज उतरले तरी तेवढेच लागतात. त्यामुळे २३० वर ०.४८ अँपिअर ओढणारा अडॅप्टर १७५ वर ०.६३ अँपिअर ओढतो, जवळजवळ एकतृतीयांश जास्त. कॉइलवरचा ताण वाढतो, उष्णता वाढते आणि आवाजही चढू शकतो. अडॅप्टर इथे बिघडलेला नाही. मात्र त्याच्या लेबलवर ‘इनपुट’पुढे काय छापले आहे ते वाचावे. 100–240V असेल तर तो आपल्या मर्यादेत आहे. 200–240V असेल तर तो मर्यादेबाहेर राबतो आहे आणि त्या वेळी तो बंद ठेवणेच बरे. खात्रीसाठी तोच अडॅप्टर दुसऱ्या डीपीवरच्या घरात संध्याकाळी लावून पाहावा. तिथे तो गप्प राहिला तर तक्रार महावितरणकडे करावी, कन्सोलच्या दुकानात नव्हे.

इन्व्हर्टरवर हाच प्रश्न आणखी कर्कश होतो. स्वस्त इन्व्हर्टर गुळगुळीत साइन वेव्हऐवजी चौकोनी लहर देतो. तिच्या प्रत्येक कडेला कपॅसिटरमध्ये प्रवाहाचा धक्का बसतो, तेही सेकंदाला शंभर वेळा. वीज गेल्यावर सुरू होणारी आणि वीज येताच थांबणारी खरखर या लहरीची असते. ती लगेच घातक नसली तरी रोज तासन्‌तास अशी वीज अडॅप्टरला देणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे.

आता दुसरे मत. ‘कॉइल आवाज करतेच’ हे खरे आहे. ‘म्हणून लक्ष देऊ नका’ हे त्यातून निघत नाही. निरोगी कॉइलचा आवाज भाराला इमानदार असतो. गेम थांबवला, होम स्क्रीनवर आले की तो त्याच क्षणी बदलतो, कन्सोल बंद केला की थांबतो किंवा अगदी क्षीण होतो. याला न जुमानणारा, तुटक, बेताल चरचराट कॉइलचा नव्हे. तो ठिणगीचा असतो: सैल सॉकेट, अर्धी बसलेली पिन, आतला तडकलेला टाका. प्लग हलवल्यावर चरचर बदलली, सॉकेटचे प्लास्टिक पिवळे पडलेले दिसले किंवा जळका, मासळीसारखा वास आला तर लगेच बोर्डावरचे बटण बंद करावे, मगच प्लगला हात लावावा. हा आवाज फार हळू असतो, म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो आणि निरुपद्रवी शिटी मात्र घर डोक्यावर घेते.

दुसरी खूण म्हणजे संथ, नियमित टिक-टिक आणि त्यासोबत कन्सोल सुरूच न होणे. पुरवठा सुरू होऊ पाहतो, पुढे शॉर्ट सापडतो, संरक्षण त्याला बंद करते आणि तो पुन्हा प्रयत्न करतो. दोष कोणत्या बाजूला आहे हे न उघडता कळते. अडॅप्टर कन्सोलपासून सोडवून नुसता भिंतीत लावावा. एक्सबॉक्स वनच्या अडॅप्टरवर तेव्हा नारिंगी दिवा स्थिर राहायला हवा. टिक-टिक तशीच चालू राहिली किंवा दिवा लागलाच नाही तर अडॅप्टर गेला. दिवा स्थिर राहिला आणि कन्सोल जोडताच टिक-टिक सुरू झाली तर संशय कन्सोलवर जातो. पूर्ण खात्री मात्र दुसरा चांगला अडॅप्टर लावल्यावरच होते, कारण मुख्य १२ व्होल्टची वाट कन्सोलने मागितल्यावरच उघडते.

तिसरी खूण काळाची. वर्षानुवर्षे गप्प असलेला नग त्याच घरात, त्याच व्होल्टेजवर वाजू लागला आणि खेळताना मध्येच बंद पडू लागला तर बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत चालले आहेत. दर दहा अंश वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. टीव्हीमागे, गादीवर, धुळीने जाळी बुजलेल्या अवस्थेत ठेवलेला अडॅप्टर हे वय लवकर गाठतो. निष्कर्षाआधी पंखा मात्र वगळावा. एक्सबॉक्स वनच्या अडॅप्टरमध्ये छोटा पंखा असतो. त्याची घरघर स्क्रीन बदलताच बदलत नाही, कॉइलची बदलते. कागदाची नळी कानाला लावून ऐकले की जागा सापडते. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ऐकण्याची गॅरेजची पद्धत इथे नको.

आवाज बंद करायला अडॅप्टर उघडून कॉइलवर ग्लू-गन किंवा एम-सील ओतण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. गोंद तारांच्या आतपर्यंत पोहोचत नाही, उष्णता मात्र कोंडतो. शिवाय आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असेल तर ४०० च्या आसपास, एकदिश दाब असतो. प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो, आणि तो उतरवणारा रेझिस्टर तुटला असेल तर बराच काळ. शिटी मारणारा पण बाकी धड असलेला अडॅप्टर वॉरंटीत असेल तर बदलून मागावा, नसेल तर तसाच वापरावा. चरचरणारा किंवा टिकटिकणारा बदलावा, आणि नवा घेताना लेबलवरचे आउटपुट व्होल्टेज तेच व अँपिअर तेवढे किंवा जास्त आहेत, हे जुन्याशी ताडून पाहावे.