आभार मानले, आता हिशेबही मांडू



कारखान्याच्या आवारात नुकतेच पार पडलेले दोन दिवसांचे ग्रामीण साहित्य संमेलन आपण सर्वांनी गोड करून घेतले. समारोपाला आम्ही संयोजकांनी लांबून आलेल्या लेखक-कवींचे व रसिकांचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले. परंतु मंडप उतरवताना एक गोष्ट मनाला खटकली. ती या अंकात उघडपणे सांगणे आम्हांस भाग आहे. लांबून येणाऱ्याचे आभार नुसत्या शब्दांनी फिटत नाहीत, ते कार्यक्रमपत्रिकेतून फेडावे लागतात.

पहिल्या दिवशीच्या कविसंमेलनाचेच घ्या. यादीत 32 कवी होते. प्रत्येकाला तीन मिनिटे, म्हणजे 96 मिनिटे, असा आम्ही कागदावर हिशेब केला. सहाला सुरू, पावणेआठच्या आत समाप्त. प्रत्यक्षात सत्कार आणि मनोगते लांबली, नि पहिली कविता सात वाजून वीस मिनिटांनी झाली. कवी सरासरी पाच मिनिटे वाचतो आणि सूत्रसंचालक मध्ये एक मिनिट घेतो. म्हणजे माणशी सहा मिनिटे. 32 जणांना तीन तास बारा मिनिटे! तालुक्याला जाणारी शेवटची एसटी मात्र साडेआठची. कविता रंगात आली आणि नेमके तेव्हाच मागच्या रांगा उठू लागल्या. उठणारे रसिक अरसिक नव्हते हो, त्यांना घरी जायचे होते.

त्यातून आम्ही दुसरी चूक केली. यादीत आधी आपले स्थानिक पदाधिकारी घातले आणि पाहुणे शेवटी. घरचे आधी जेवले आणि पाहुणा पंगतीला शेवटी बसला, असे झाले. चंद्रपूरकडचे एक कवी रेल्वेने पुणे, तेथून एसटी, आणि शेवटचा टप्पा उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रखडत, असे दुसऱ्या दिवशी येऊन पोहोचले होते. त्यांचा क्रमांक 29 वा. त्यांना बोलावले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. समोर तीसेक माणसे होती आणि मंडपवाल्याची पोरे एकीकडे खुर्च्या गोळा करीत होती. त्यांनी दोन कविता शांतपणे वाचल्या, नमस्कार केला आणि खाली बसले. तक्रार त्यांनी केली नाही, म्हणून ती आम्हीच आमच्याविरुद्ध नोंदवीत आहोत.

तिसरी गोष्ट प्रवासखर्चाची. "तिकिटे पाठवून द्या, बघतो," असे आम्ही काहींना सांगितले. मान्यवर प्राध्यापकाला ते चालून जाते. पण रोजंदारी बुडवून आलेल्या कवीला परतीचे भाडे कोणाकडे तरी उसने मागावे लागते आणि मागायची लाज वाटते.

इतर ठिकाणी याचा विचार झालेला आहे. पलूस तालुक्यातील औदुंबरचे संमेलन दरवर्षी मकर संक्रांतीला भरते. तारीख ठरलेली असल्यामुळे लांबचा रसिक निमंत्रणाची वाट न पाहता रजेची आणि गाडीची सोय आधीच करू शकतो. 2015 साली अखिल भारतीय संमेलन थेट पंजाबात, घुमान येथे भरले, तेव्हा महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या सोडण्यात आल्या होत्या. आपली ऐपत तेवढी नाही. पण साडेआठच्या एसटीचे वेळापत्रक पाहायला पैसे लागत नव्हते.

म्हणून आमचे मत असे की, पुढील संमेलनात कवी वीसच घ्यावेत. माणशी सहा मिनिटे धरून दोन तास होतात. कविसंमेलन दुपारी चारला सुरू करावे, आणि सत्कार त्याच्या आधी नव्हे, नंतर ठेवावेत. यादी अंतराप्रमाणे लावावी: सर्वांत लांबचा आधी, गावचा शेवटी. गावचा माणूस काय, रात्री चालत घरी जाईल. प्रवासखर्चाचे पाकीट पाहुणा आल्या दिवशीच पावतीवर सही घेऊन हाती द्यावे. शेवटच्या एसटीची वेळ कार्यक्रमपत्रिकेवर ठळक छापावी. ज्यांची ती चुकेल, त्यांना तालुक्याच्या स्थानकापर्यंत सोडण्यासाठी एक गाडी राखून ठेवावी.

स्थानिकांपैकी काहीजण नाराज होतील हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांना आमची विनंती एवढीच, की आपण यजमान आहोत हे त्यांनी ध्यानी घ्यावे.

त्या रात्री शेवटपर्यंत बसलेल्यांत बीडकडची काही ऊसतोड मंडळी होती. दिवसभर तोड करून, गाडी भरून ती मंडपाच्या कडेला येऊन टेकली होती. इतक्या लांबून आलेल्या या श्रोत्यांचा आमच्या आभाराच्या यादीत उल्लेखच नव्हता. तो येथे करीत आहोत. ज्यांना अर्ध्या कार्यक्रमातून उठावे लागले, त्या रसिकांची आणि 29 व्या क्रमांकाच्या कवींची क्षमा मागत आहोत. पुढील वर्षी या. तुमचे नाव पहिले असेल.



– संमेलन संयोजन समिती